लाईट गेली, हशा आला

शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत 'वीज नसलेला एक दिवस' हा विषय आला की एक गंमत दिसते. पहिलं मूल माइकसमोर येऊन म्हणतं, "वीज ही आधुनिक मानवाची मूलभूत गरज आहे." दुसरंही तेच म्हणतं. तिसऱ्या भाषणाला मागच्या रांगेतली मुलं एकमेकांच्या बुटांच्या नाड्या सोडू लागतात. मग एखादी मुलगी येते, घरातल्या बंद पडलेल्या पंख्याबद्दल काही बोलते आणि सगळं सभागृह सरसावून बसतं. विषय तोच, वेळ तीच, मुलंही एकाच इयत्तेची. मग फरक कशाने पडतो?

मी बरीच वर्षं अशा स्पर्धांना परीक्षक म्हणून जाते, आणि माझ्या मते हा फरक आवाजाचा किंवा धीटपणाचा फारसा नसतो. तो कागदावरच पडलेला असतो. विनोदी भाषण यंत्रासारखं जोडलेलं असतं; कुठला भाग कुठे बसवला यावर ते चालतं किंवा अडतं. शेजारच्या पाचवीतल्या मुलीसाठी मी लिहिलेलं एक भाषण इथे उघडून दाखवते.

विषय 'वीज' नाही, 'दिवस' आहे

या विषयात मुलं 'वीज' हा शब्द धरतात आणि 'दिवस' सोडतात. मग भाषणात विजेचे उपयोग येतात, तोटे येतात, आकडे येतात. 31 जुलै 2012 ला देशाच्या उत्तर, पूर्व आणि ईशान्य भागातली वीज एकदम गेली होती. ज्या भागांत ती गेली तिथे सुमारे 60 कोटी लोक राहत होते. आकडा खरा आहे आणि मोठाही आहे, पण दहा वर्षांच्या श्रोत्याला 60 कोटी माणसं दिसत नाहीत. फ्रीजमधलं वितळणारं आईस्क्रीम मात्र लगेच दिसतं.

'दिवस' धरला की दुसरी एक सोय होते. दिवसाला सकाळ, दुपार, संध्याकाळ असा क्रम आयताच असतो, त्यामुळे मुलाला पुढे काय बोलायचं हे आठवत बसावं लागत नाही. जुन्या रोममधले वक्ते भाषण लक्षात ठेवताना मनातल्या मनात एखाद्या घरातून फिरत आणि एकेका खोलीत एकेक मुद्दा ठेवत. आपल्या भाषणात तर घर खरंच आहे. झोपायची खोली, बाथरूम, जिना, फ्रीज आणि पुन्हा जिना, अशा पाच जागा झाल्या की स्पर्धेची चार मिनिटं भरली.

चार मिनिटांत किती शब्द बसतात? दहा वर्षांचं मूल नीट, न पळता बोललं तर मिनिटाला साधारण शंभर. म्हणजे चारशे. पण विनोदी भाषणात हशासाठी जागा सोडावी लागते, म्हणून कागदावर तीनशेच्या आसपास थांबायचं. हा हिशेब चुकला की वेळ संपत आल्याची घंटा वाजते, मूल घाबरून वेग वाढवतं आणि शेवटचा सगळ्यात चांगला भाग घाईत वाया जातो.

ते भाषण

*अध्यक्ष महोदय, परीक्षक, गुरुजन आणि माझ्या मित्रमैत्रिणींनो,*

*त्या गुरुवारी सकाळी सात वाजता आमच्या घरात तीन गोष्टी एकदम बंद पडल्या. पंखा, गीझर आणि बाबांचं घोरणं!*

*बाबा उठले, खिडकीशी गेले, समोरच्या बिल्डिंगकडे बघितलं आणि आनंदाने ओरडले, "त्यांचीपण गेलीय!" आपली लाईट गेली की वाईट वाटतं. शेजाऱ्यांचीही गेली की जरा बरं वाटतं.*

*मी म्हणाले, "आई, गीझर बंद आहे. आज आंघोळ नको." आई म्हणाली, "गार पाण्याला वीज लागत नाही."*

*पण नऊ वाजता गार पाणीही गेलं! मी विचारलं, "बाबा, लाईट तारेतून येते, पाणी नळातून येतं. मग लाईटबरोबर पाणी का गेलं?" बाबा म्हणाले, "खालच्या टाकीतलं पाणी पंप गच्चीवर चढवतो, आणि पंपाला वीज लागते." आम्ही राहतो पाचव्या मजल्यावर. लिफ्ट बंद. मग पंपाचं काम कोण करणार? सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.*

*अर्धी बादली घेऊन मी तीनदा जिना चढले. आता आमच्या सोसायटीत दोन पंप आहेत. एक खाली टाकीजवळ, आणि दुसरा... तुमच्यासमोर!*

*दुपारी आईने फ्रीज उघडला आणि म्हणाली, "आईस्क्रीम वितळायच्या आत संपवायला हवं." एवढं मोठं संकट आणि त्यावर एवढा सोपा उपाय मी आयुष्यात पाहिला नव्हता.*

*संध्याकाळी आजीने कंदील लावला. म्हणाली, "आमच्या लहानपणी गावात वीजच नव्हती." मी विचारलं, "मग आजी, तू मोबाइल कुठे चार्ज करायचीस?"*

*रात्री आठ वाजता सगळी बिल्डिंग ओरडली, "आऽऽली!" आणि आमच्या घरात एकदम सगळं सुरू झालं. रिकाम्या खोलीतला पंखा, बाथरूममधला दिवा, गीझर, टीव्ही. सकाळी लाईट गेली तेव्हा आम्ही एकही बटण बंद केलं नव्हतं. दोन मिनिटं मजा झाली. आणि पुन्हा अंधार!*

*खाली वायरमनकाका होते. ते म्हणाले, "सगळ्यांचं सगळं एकदम चालू झालं, म्हणून फ्यूज उडाला. आधी बटणं बंद करा, मग मी लाईट देतो." मी पुन्हा जिना चढले, प्रत्येक दार वाजवलं. "काकू, गीझर बंद करा! काका, एसी बंद करा!" एका आजोबांनी विचारलं, "तू कोण गं?" मी म्हणाले, "दुसरा पंप!"*

*नऊ वाजता लाईट आली आणि या वेळी टिकली. आमच्या घरात एकच दिवा लागला, आम्ही सगळे बसलो होतो त्या खोलीतला. आता खोलीतून बाहेर पडताना माझा हात आपोआप बटणाकडे जातो. बाबा विचारतात, "ही सवय कोणी लावली?" मी म्हणते, "अंधाराने." धन्यवाद.*

हसू नेमकं कुठे फुटतं

जिना चढताना अंधारात शेवटची पायरी आहे असं समजून आपण पाय उचलतो आणि पायरी नसतेच. क्षणभर पोटात गोळा येतो. विनोदात हेच होतं, फक्त पडण्याची भीती नसते. ऐकणाऱ्याचं मन पुढच्या पायरीचा अंदाज बांधतं आणि बोलणारा ती पायरी काढून घेतो. जर्मन तत्त्वज्ञ कांट याने 1790 मध्ये हसण्याबद्दल लिहिताना अशाच अर्थाचं म्हटलं होतं: ताणलेली अपेक्षा अचानक विरून जाते आणि हसू येतं.

पहिलंच वाक्य बघा. 'पंखा, गीझर' ऐकल्यावर मन म्हणतं, आता तिसरं यंत्र येणार. अंदाज बांधायला दोन वस्तू लागतात, एकीने काम भागत नाही. आणि चार-पाच वस्तूंची यादी झाली की ऐकणारा कंटाळून अंदाज बांधणंच सोडतो. म्हणून दोन सरळ आणि तिसरी तिरकी.

आता मराठीतली एक खास अडचण. आपल्या भाषेत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं. मी आधी लिहिलं होतं, 'सकाळी सात वाजता पंखा, गीझर आणि बाबांचं घोरणं एकदम बंद पडलं.' वाचून पाहिलं तर कोणीच हसेना. घोरण्यावर हसू येईपर्यंत 'एकदम बंद पडलं' हे शब्द त्याच्या अंगावर येऊन बसत होते. मग क्रियापद आधीच्या वाक्यात उरकून टाकलं, 'तीन गोष्टी एकदम बंद पडल्या', आणि घोरण्याला वाक्याचं टोक मोकळं करून दिलं. 'दुसरा तुमच्यासमोर उभा आहे' यातलं 'उभा आहे' याच कारणाने गेलं. मुलांची भाषणं तपासताना मी हेच आधी पाहते: गमतीचा शब्द टोकाला आहे, की त्याच्यामागे क्रियापदाचं शेपूट लोंबतंय?

'दुसरा पंप' भाषणात दोनदा येतो. पहिल्या वेळी तो विनोद असतो. दुसऱ्या वेळी श्रोते तो विसरत आलेले असतात आणि ओळखीचा माणूस भलत्या गावी भेटावा तसा तो त्यांना भेटतो. दुसऱ्यांदा हशा बहुधा मोठा असतो, कारण त्यात 'मला आठवलं' याचाही आनंद मिसळतो. पण दोन्हींमध्ये अंतर हवं. इथे मध्ये आईस्क्रीम, आजी आणि पुन्हा अंधार एवढं येऊन गेलंय. लगेचच्या परिच्छेदात तो पुन्हा आणला असता तर कानाला नुसतं पालुपद लागलं असतं.

यातली थट्टा कोणाची आहे, तेही बघा. बाबांच्या घोरण्याची आणि मुलीची स्वतःची. बहुतेक मुलांच्या कागदावर वायरमन उशिरा आल्याचा विनोद असतो. मी तो प्रत्येक वेळी खोडायला सांगते. रात्री खांबावर चढणाऱ्या माणसाला हसणं मला पटत नाही. शिवाय गोष्टीलाही त्याचा उपयोग नसतो. इथे तर आलेली लाईट पुन्हा का गेली हे कोडं सोडवणारा माणूस तोच आहे.

लाईट येऊन पुन्हा का जाते?

भाषणाचा कणा या प्रश्नात आहे, आणि ज्या मुलाला त्याचं उत्तर समजलेलं नाही त्याने ते पाठ करून बोलू नये. बोलताना चेहऱ्यावर दिसतं, आणि काही ठिकाणी परीक्षक नंतर प्रश्नही विचारतात.

शाळेच्या फाटकातून दिवसभरात शेकडो मुलं आत-बाहेर करतात आणि फाटक सुखरूप असतं. सुटीची घंटा झाली की तीच मुलं एकदम धावतात आणि फाटकात चेंगराचेंगरी होते. मुलांची संख्या वाढलेली नसते, वेळ एक झालेली असते. विजेच्या तारेचंही तसंच. एरवी सकाळी कोणाचा गीझर चालू असतो तेव्हा दुसऱ्याचा बंद झालेला असतो. फ्रीज तर दिवसभर विजेच्या तारेला लावलेला असला, तरी त्याचं गार करणारं यंत्र मधूनमधूनच चालतं. आत पुरेसं गार झालं की ते थांबतं. वीस घरांतले वीस फ्रीज असे नकळत पाळीपाळीने चालत असतात.

तेरा तास वीज नसली की ही पाळी मोडते. सगळे फ्रीज आतून कोमट झालेले असतात, त्यामुळे वीज येताच वीसही एकदम चालू होतात. आणि थांबलेली मोटर फिरायला लागताना क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट, साधारण पाच-सहा पट, वीज ओढते. जड हातगाडी जागची हलवताना जोर लागतो आणि एकदा चाक फिरलं की कमी लागतो, तसंच हे. त्यात सकाळी विसरलेली बटणं. वीस घरांपैकी दहा घरांत गीझर चालू राहिला असेल तर तेवढाच भार 20,000 वॉट होतो.

> एक गीझर म्हणजे किती पंखे?
> घरगुती साठवणीचा गीझर साधारण 2000 वॉटचा असतो, छताचा साधा पंखा सुमारे 75 वॉटचा आणि एलईडी दिवा 9 वॉटचा. म्हणजे एक गीझर चालू राहिला की सव्वीस पंखे फिरल्याइतकी किंवा दोनशेहून जास्त दिवे लागल्याइतकी वीज तो ओढतो. 1000 वॉटचं उपकरण तासभर चाललं की बिलावर एक युनिट पडतं. पाणी तापेपर्यंत गीझर तासाला दोन युनिटं घेतो. एलईडी दिवा एका युनिटावर शंभर तासांहून जास्त चालतो.

रस्त्याकडेच्या ज्या पेटीला आपण डीपी म्हणतो तिच्यात फ्यूज असतो. फ्यूज म्हणजे मुद्दाम कमकुवत ठेवलेली तार. ठरावीक मर्यादेपलीकडे वीज वाहू लागली की ती तापून वितळते आणि वाट तुटते. त्यामुळे जाड आणि महागडी तार, ट्रान्सफॉर्मर आणि घरं वाचतात. म्हणजे फ्यूज उडाला तेव्हा काही बिघडलं नव्हतं. त्याने त्याचं काम केलं होतं. वायरमन नवी तार घालेल, पण वरची बटणं तशीच राहिली तर तीही उडेल. म्हणून आधी बटणं, मग लाईट.

मुलीला हे समजलं तेव्हा तिने स्वतःहून एक दुरुस्ती सुचवली. माझ्या कच्च्या मसुद्यात ती दारं वाजवून नुसतं 'बटणं बंद करा' म्हणत होती. ती म्हणाली, "काकू, सगळी नको, मोठी बटणं सांगू या ना, गीझर आणि एसी." अगदी बरोबर होतं. दिव्याचं बटण चालू राहिल्याने फ्यूज उडत नाही.

बोध सांगायचा की घडवायचा?

अशा भाषणांचा शेवट बहुधा उपदेशाने होतो: 'म्हणून मित्रांनो, आपण सर्वांनी वीज वाचवली पाहिजे.' वाक्यात चूक काही नाही. पण ते भाषणाच्या आधीही खरं होतं आणि भाषण झालं नसतं तरी खरंच राहिलं असतं. गोष्टीत ज्याची किंमत कोणी मोजली नाही, तो बोध श्रोत्याला वरून चिकटवलेला वाटतो.

इथे किंमत मोजली गेली. बटणं चालू ठेवल्यामुळे अख्ख्या बिल्डिंगला आणखी एक तास अंधारात बसावं लागलं. चूक एका घराची नव्हती, सगळ्यांची थोडी थोडी होती, आणि ती सुधारली तीही प्रत्येक दार वाजवून. बोध घडवायचा तो असा. मग शेवटी 'अंधाराने' एवढा एक शब्द पुरतो.

हे तपासायची एक सोपी रीत मी वापरते. शेवटचा परिच्छेद हाताने झाकायचा आणि उरलेलं भाषण घरातल्या लहान भावंडाला वाचून दाखवायचं. मग विचारायचं, 'या लोकांनी काय करायला हवं होतं?' त्या पोराने 'बटणं बंद करायला हवी होती' म्हटलं की शेवट जमला. ते 'जनरेटर घ्यायला हवा होता' म्हणालं, तर गोष्ट अजून कच्ची आहे; सकाळी काहीही बंद केलं नव्हतं हे वाक्य ऐकणाऱ्याच्या लक्षात राहिलेलं नाही, ते ठळक करायला हवं.

स्टेजवरचे काही क्षण

पूर्ण भाषण शब्दन् शब्द पाठ केलं की एक शब्द अडला तरी गाडी थांबते. म्हणून पाच जागा चित्रासारख्या डोळ्यांसमोर ठेवायच्या आणि त्यांच्यामधलं बोलणं थोडं इकडेतिकडे झालं तरी चालवून घ्यायचं. हशाची वाक्यं मात्र जशीच्या तशी यायला हवीत, कारण तिथे एक शब्द मागेपुढे झाला तरी टोक बोथट होतं.

हशा आल्यावर काय करायचं हे मुलांना कोणी सांगत नाही. माणूस एकटा असताना फार कमी हसतो. हसू एकाकडून दुसऱ्याकडे जातं, आणि त्याला सभागृहात पसरायला एक-दोन क्षण लागतात. त्या क्षणांत मूल पुढे बोलत राहिलं तर श्रोते ऐकण्यासाठी हसू दाबतात आणि पुढच्या वेळी हसतच नाहीत. म्हणून थांबायचं, पण पूर्ण शांत होईपर्यंत नाही. हशाचा आवाज निम्म्यावर आला की पुढचं वाक्य. स्वतः हसायचं नाही. आणि हशा आलाच नाही, तर वाट बघत उभं राहायचं नाही. ते वाक्य साधंच होतं अशा चेहऱ्याने पुढे जायचं.

सरावाच्या तिसऱ्या दिवशी तिची आजी एका भलत्याच ठिकाणी हसली. 'सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं' या वाक्यावर. आम्ही दोघींनी ते विनोद म्हणून धरलंच नव्हतं. मग तिथे एक क्षण थांबून, मान वळवून, जणू घरातले लोक सभागृहात बसलेत असं सगळ्या रांगांकडे बघायचं ठरलं. स्पर्धेत दुसऱ्या पंपाआधीचा हशा तिथेच आला.

स्पर्धेआधी शेवटी तिने मला विचारलं, "आणि भाषण चालू असताना खरंच लाईट गेली तर?" माइक बंद पडेल, ही शक्यता खरी आहे. मी सांगितलं, माइक सोडून दोन पावलं पुढे ये, शेवटच्या रांगेतल्या कोणा एकाकडे बघून त्याला ऐकू जाईल असं सावकाश बोल. ओरडू नकोस, ओरडल्याने शब्द एकमेकांत मिसळतात. तिने मान हलवली आणि वहीच्या मागच्या पानावर स्वतःचं एक वाक्य लिहून ठेवलं: 'बघा, मी पुरावा सोबतच आणलाय.' आणि त्याखाली, कंसात, 'मग जिथे होते त्याच खोलीतून पुढे.'